वेरूळ-अजिंठ्याची सहल एका मिनिटात: सात स्थळे दाखवावीत की तीन प्रसंग?

जालन्याहून शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतणारी सहल, पस्तीस जणांची एक बस आणि तिच्या जाहिरातीसाठी मोबाइलवर पाहायचा एक मिनिटाचा व्हिडिओ, एवढे ठरले की सहल काढणाऱ्यापुढे बहुधा दोन प्रकारच्या संहिता येतात. पहिलीत देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि अजिंठा ही सातही स्थळे ओळीने येतात व त्यांवर निवेदन चालते. दुसरीत तीनच प्रसंग असतात आणि ते स्थळांचे नव्हे, तर प्रवाशांचे असतात.

पहिल्या संहितेची अडचण साध्या हिशेबाने कळते. सुरुवातीची नाममुद्रा आणि शेवटचा दर व फोन क्रमांक यांना बारा-तेरा सेकंद दिले, तर सात स्थळांसाठी सत्तेचाळीस उरतात, म्हणजे प्रत्येकी साडेसहा. मराठी निवेदन ऐकणाऱ्याला पचावे अशा बेताने वाचले तर सेकंदाला सुमारे दोन शब्द बसतात. तेरा शब्दांत कैलास लेण्याबद्दल काय सांगणार? ‘जगप्रसिद्ध’ आणि ‘अद्भुत’ हे दोन शब्द आले की जागा संपते, आणि मकबऱ्यासाठीही तेच दोन शब्द पुन्हा वापरावे लागतात.

दुसरी संहिता अशी लिहिता येते. पहाटे साडेपाच, अंधार, बसचा दिवा, टूर मॅनेजर हातातल्या यादीवरून विचारतो, “काकू, एकट्याच आलात? मग खिडकीची जागा तुमची.” काकू मांडीवरचा डबा सावरत बसतात. दुसरा प्रसंग वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला: गाइड म्हणतो, “हे बांधलेलं नाही, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय,” आणि कॅमेरा मंदिराकडे न वळता ऐकणाऱ्यांच्या वर जाणाऱ्या नजरांवर थांबतो, चार सेकंद निवेदन नाही, फक्त पारव्यांचा आवाज. मंदिर त्यानंतर दिसते. तिसऱ्यात रात्रीच्या जेवणाला पिठलं-भाकरी आहे आणि सकाळी एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघीजणी एकाच वाटीतला ठेचा वाढून घेत आहेत. बोललेले शब्द चाळीसच्या आत राहतात, त्यामुळे दर आणि तारीख शेवटी सावकाश सांगता येते. राहिलेली स्थळे व्हिडिओखालच्या मजकुरात लिहिली तरी पुरतात.

खर्चाच्या बाजूनेही फरक पडतो. देवगिरी, वेरूळ, मकबरा आणि अजिंठा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारके असल्याने तेथे व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. तीन प्रसंगांच्या संहितेत ती एकाच ठिकाणची घ्यावी लागते. सात स्थळांच्या संहितेत मात्र बहुतेक जण तयार दृश्ये विकत घेऊन जोडतात, आणि ती हमखास पावसाळ्यातली असतात. वाघोरा दुथडी वाहते आहे, लेण्यांवरचा डोंगर हिरवागार आहे, असे दाखवून एप्रिलच्या सहलीचे बुकिंग घेतले, तर चाळिशीपार उन्हात करडा डोंगर पाहणारा प्रवासी ते विसरत नाही. अर्थात हा दोष तीन प्रसंगांच्या संहितेतही शिरू शकतो, म्हणून चित्रीकरण सहलीच्याच हंगामात करावे.

प्रसंग लिहिताना कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवावी, कारण अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. हीच सहल रविवारी सुरू करून ‘दुसऱ्या दिवशी अजिंठा’ असे निवेदनात म्हटले, तर ते वाक्य सोमवारी फर्दापूरला खोटे ठरते. तसेच आपली बस थेट लेण्यांच्या दाराशी थांबताना दाखवू नये, कारण फर्दापूर फाट्याजवळ वाहन ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर तेथल्या बसने जावे लागते. खरे तर ती गाडीबदल, त्यातली गडबड आणि “आपले पस्तीस झाले का?” ही मोजणी हाच चांगला प्रसंग आहे, कैलास लेण्याची परवानगी वेळेत मिळाली नाही, तर मधल्या जागी हाच घालावा.

तरीही एका सहलीसाठी मी पहिलीच संहिता निवडेन. घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ अशी देवदर्शनाची सहल असेल, तर यात्रेकरूला ती नावेच ऐकायची असतात आणि एक जरी राहिले तरी तो दुसरी गाडी पाहतो. तेथे तीन स्थळे म्हणजे प्रत्येकी पंधरा सेकंद होतात, त्यामुळे वरचा हिशेबही आड येत नाही.

वेरूळ-अजिंठ्याचे तसे नाही. मराठवाड्यातल्या अनेकांनी ही लेणी शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांना स्थळाची नव्हे, सोबतीची आणि व्यवस्थेची खात्री हवी असते. कोणती संहिता लागू पडली हे चौकशीच्या फोनवरून ओळखू येते: स्थळांच्या यादीनंतर लोक “किती पैसे?” एवढेच विचारून दुसरीकडचा दर काढतात, तर पहाटेच्या त्या प्रसंगानंतर “आईला एकटीला पाठवलं तर चालेल का?” असे विचारणारे फोन येऊ लागतात.