पगारवाढीचा अर्ज: नुसता शुद्ध की शुद्ध आणि सौम्य?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मुरलेल्या सुपरवायझरचा कच्चा अर्ज असा असू शकतो: ‘मी तीन वर्षापासून डिस्पॅचचं पण काम केलो, माझी पगार वाढवलीच पाहिजे.’

पहिला पर्याय, फक्त व्याकरण सुधारायचं: ‘मी तीन वर्षांपासून डिस्पॅचचेही काम करत आहे. माझा पगार वाढवलाच पाहिजे.’ ‘केलो’ ही आपली सोलापुरी बोली, बोलताना गोडच लागते. पण अर्जात प्रमाण रूप हवं. काम अजून चालू आहे, म्हणून ‘करत आहे’. पगार पुल्लिंगी. चुका गेल्या, तरी ‘वाढवलाच पाहिजे’ मालकाला हुकूमच वाटणार.

दुसरा पर्याय: ‘गेली तीन वर्षे मी विणाई विभागासोबत डिस्पॅचचे कामही सांभाळत आहे. ही वाढीव जबाबदारी लक्षात घेऊन माझा पगार २४,००० वरून २८,००० रुपये करावा, ही विनंती. याबाबत प्रत्यक्ष बोलण्यासाठी वेळ मिळावा.’

इथे ‘च’ आणि ‘पाहिजे’ गेले, त्यांच्या जागी ‘करावा’, ‘मिळावा’ आले. मागणी मात्र तसूभर कमी झाली नाही. आकडा लिहिणं उद्धटपणाचं नाही. तो नसला तर हजार रुपये वाढवून विषय मिटवला जातो.

मी दुसराच पाठवायला सांगेन. फक्त त्यात ‘आपली कृपादृष्टी असावी’, ‘गरिबाकडे लक्ष द्यावे’ असलं काही घालू नका. अनुभवी माणूस कामाचा मोबदला मागतोय, मदत नव्हे.