गूगल व्हॉइसवर व्हॉइसमेल: वर्षभर वापरल्यावर

अमेरिकेत फोन कंपनीचा व्हॉइसमेल फुकट मिळतो, पण मेसेजचा मजकूर करून हवा असेल तर काही कंपन्या त्याचे दरमहा पैसे मागतात. चार ओळी वाचायला भाडं कशाला, म्हणून गूगल व्हॉइस. नंबर फुकट, मजकूर फुकट, ईमेलवरही येतो. एवढं बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे थेट त्रासाकडे येतो.

त्रास एकच आहे, आणि तो सेटिंग्जमध्ये शोधून सापडत नाही. मेसेज येतच नाहीत. मिस्ड कॉल दिसतात, मेसेजचा पत्ता नाही. याचं कारण असं: व्हॉइसमेलसाठी आपल्या नेहमीच्या नंबरावर कॉल वळवायची सोय लावलेली असते, त्यामुळे तुम्ही उचलला नाहीत की नेटवर्क तो कॉल गूगल व्हॉइसच्या नंबरावर वळवतं. पण गूगल व्हॉइसला तो साधा नवा कॉल वाटतो, म्हणून ते तुमच्या फोनमधलं ॲप आणि लॅपटॉपवरचं पान पुन्हा वाजवत बसतं. आधीचे पंचवीसेक सेकंद, त्यावर ही दुसरी घंटी. पलीकडचा माणूस पाऊण मिनिट 'ट्रिंग ट्रिंग' ऐकून फोन ठेवणार नाही तर काय करणार? एवढ्या मोठ्या कंपनीला हे आपणहून कळू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. गूगल व्हॉइसच्या सेटिंग्जमध्ये Do not disturb चालू करा. मग वळवलेला कॉल थेट ग्रीटिंगवर जातो. त्या नंबरावर थेट आलेले कॉलही मग वाजणार नाहीत, म्हणून तो नंबर फक्त व्हॉइसमेलसाठी ठेवा, कुणाला देऊ नका.

कॉल किती वेळाने वळवायचा हे फोन ठरवत नाही, नेटवर्क ठरवतं. जीएसएम पद्धतीचे कोड चालतात तिथे ते डायलरमधून बदलता येतं. नंबर नमुन्याचा आहे, तिथे आपला घाला:

```
**004*+13125550100#
**61*+13125550100*11*25#
*#61#
```

पहिल्या ओळीने तिन्ही वेळा कॉल वळतो: उचलला नाही, लाइन बिझी आहे, फोन बंद किंवा रेंजबाहेर आहे. दुसरी फक्त 'उचलला नाही' याची वेळ ठरवते. 11 म्हणजे व्हॉइस कॉल, 25 म्हणजे सेकंद. पाचच्या पटीत 5 ते 30 एवढेच आकडे चालतात. तिसरी ओळ सध्या काय लावलंय ते दाखवते. तिथे गूगल व्हॉइसचा नंबर दिसला नाही तर काम झालेलं नाही. अँड्रॉइडवर "Connection problem or invalid MMI code" आलं तर अंक पुन्हा तपासा. ते बरोबर असतील तर बहुधा तुमच्या प्लॅनमध्ये कॉल वळवण्याची सोयच नसते. स्वस्त प्रीपेडमध्ये हे नेहमीचं आहे.

आयफोनवाल्यांनी iOS 17 पासूनचं Live Voicemail आधी बघावं. मेसेज चालू असतानाच मजकूर पडद्यावर उमटतो, मध्येच कॉल उचलताही येतो. फोन बंद असला की मात्र मेसेज कंपनीच्याच पेटीत जातो. शिवाय वरच्या कोडमध्ये सेकंद फार कमी ठेवले तर नेटवर्क कॉल आधीच पळवतं आणि फोनच्या हाती काही लागत नाही.

मजकुराबद्दल सुरुवातीला मत फार चांगलं होतं. दवाखान्याचा मेसेज, तारीख, परत फोन करायचा नंबर, सगळं वाचून कळतं. नंबर तेवढा ऐकून ताडून घ्यावा, फिफ्टीन आणि फिफ्टीमध्ये गल्लत होते. मग मराठी मेसेज येऊ लागले आणि मत बदललं. "अरे, मी काकू बोलतेय, साडेतीनला निघतोय आम्ही" याचं इंग्रजी शब्दांचं जे कडबोळं होतं, त्यात तीनही नसतात आणि निघणंही नसतं. मराठी मेसेज स्पीकरवर लावून दुसऱ्या अँड्रॉइडवर Live Transcribe मराठीत ठेवलं तर बरंच नीट उतरतं, पण तेवढ्या वेळात मेसेज ऐकूनच होतो.

तसंही काकू बीपपर्यंत थांबत नाहीतच. आपल्याकडे मिस्ड कॉल हाच निरोप असतो. नंबर दिसला, करेल परत. त्यातून सांगण्यासारखं असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट येते, तिला ना ग्रीटिंग ना पिन. व्हॉट्सॲपमध्ये Voice message transcripts आहे, Settings मधल्या Chats खाली, पण आपल्या फोनवरच्या यादीत मराठी आहे का ते पाहूनच भरवसा ठेवा. त्यामुळे घरच्यांसाठी व्हॉइस नोट, ऑफिसवाल्यांसाठी व्हॉइसमेल, अशी वाटणी करून टाकली आहे.

नंबर तोच ठेवून फोन बदलला तरी हे कोड पुसले जात नाहीत, कारण नोंद नेटवर्ककडे असते. गूगल व्हॉइस सोडायचं ठरलं तर आधी `##004#` लावा आणि `*#61#` ने खात्री करा, नाहीतर मेसेज तुम्ही उघडतही नसलेल्या खात्यात पडत राहतील.