'मी काही विकायला आलेलो नाही': पाणी तपासायला आलेल्या माणसाचं पहिलं मिनिट

वॉटर प्युरिफायर विकायला येणारा माणूस दारात उभा राहून वॉटर प्युरिफायरचं नावही काढत नाही. आमच्याकडे आलेल्याने बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. दार उघडलं की माणूस अंगावर आल्यासारखा वाटू नये, यासाठी ही युक्ती. गळ्यात ओळखपत्र, हातात नावांची यादी. "काकू, मी काही विकायला आलेलो नाही. या भागातल्या पाण्याची तपासणी चाललीय. वरच्या मजल्यावरचं आत्ताच झालं, आता तुमचं. फक्त एक ग्लास पाणी द्याल?"

या चार-पाच वाक्यांत सगळं आलं. 'विकायला नाही' म्हटल्यामुळे आपण सावध राहायचं सोडतो. 'तपासणी' ऐकून माणूस सरकारी वाटतो, पण तो तसं म्हणत मात्र नाही. यादीतलं वरच्या मजल्यावरचं आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचून घेतलेलं असतं. तिथे त्याला कुणी दार उघडलं होतं की नाही, देव जाणे. आणि तो काय मागतो, तर पाणी! पाण्याला नाही कोण म्हणणार? आपण ग्लास भरायला आत वळतो, तेवढ्यात तो उंबरठ्याच्या आत आलेला असतो.

पुढचा प्रयोग मी टक लावून पाहिला. आमच्या नळाचं पाणी एका ग्लासात, त्याच्या बाटलीतलं दुसऱ्यात. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवलं आणि प्लग लावला. जरा वेळातच आमचं पाणी पिवळं पडलं, मग तपकिरी, वर हिरवट-काळा फेस. त्याचं पाणी होतं तसंच नितळ. तो काहीच बोलला नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि मग हळूच विचारलं, "घरात लहान मुलं आहेत का हो?"

त्यानंतर 'तपासणी झाल्याची नोंद' म्हणून आईची सही घेतली आणि 'नाव नोंदवायला' थोडे पैसे. मशीन दारात आलं तेव्हा तो कागद नीट वाचला. तो ऑर्डर फॉर्म होता, आणि बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही असं तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं. फोन केला तर उत्तर तयार: "सही तुमचीच आहे ना?"

तो गाळ कुठून आला हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने करून दाखवलं. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात विरघळलेले क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा साका होतो. म्हणजे ती घाण पाण्यातली नसून कांडीतली. त्याच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. मैत्रिणीने नव्या मशीनचंच पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि तशाच कांड्या बॅटरीला जोडून बुडवल्या. तेही तपकिरी झालं! असा माणूस तुमच्याकडे आला तर त्याच्या ग्लासात मीठ टाकायला सांगा. तो बहुधा घड्याळाकडे बघेल.

काहीजण कांड्यांऐवजी पेनासारखा टीडीएस मीटर आणतात. तो मीटर खोटा नसतो, त्याचा अर्थ खोटा सांगितला जातो. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस्स. जंतू त्याला कळत नाहीत. पाणी उकळल्यावर जंतू मरतात, पण क्षार बहुतेक पाण्यातच राहतात, हे एकदा लक्षात घेतलं की त्या आकड्याचा धाक उरत नाही. लिटरला 600 मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेलं पाणी साधारणपणे चवीला चांगलं, आणि 1000 च्या वर गेलं की ते नकोसं होत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तोही चवीचाच हिशेब आहे, टीडीएससाठी आरोग्याची वेगळी मर्यादा तिने घातलेली नाही.

आरओ सरसकट बिनकामाचा आहे असंही नाही. पाणी फार खारट असेल किंवा त्यात फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट जास्त असेल तर तो उपयोगी पडतो. पण हे ठरतं प्रयोगशाळेच्या अहवालावरून. जंतूंची चाचणी करायची तर निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा लागतो, आणि जंतू वाढले की नाही ते पाहायला निदान एक दिवस जातो. दारात उभ्या उभ्या 'जंतू आहेत' असं सांगणाऱ्याने चाचणी केलेलीच नसते.