नऊ महिने, तेवीस पार्सलं आणि एक खोटी ओळ: दाभोळच्या पिनवर घरपोच मागवण्याचा अनुभव

परवा बुधवारी संध्याकाळी सात बेचाळीसला मोबाइलवर मेसेज आला: Consignee Not Available. म्हणजे कुरिअरवाला येऊन गेला आणि मी घरी नव्हते. त्या वेळी मी ओटीवर बसून तांदूळ निवडत होते. हे समोरच्या खुर्चीत रेडिओ लावून बसले होते. दिवसभर अंगणात कोणी फिरकलं नाही, कुत्रासुद्धा भुंकला नाही, आणि आमचा कुत्रा पोफळीवरून सुपारी पडली तरी भुंकतो.

या एका ओळीने मला नऊ महिने छळलंय, म्हणून लिहायला बसले.

मुंबईचं घर आवरून आम्ही गेल्या पावसाळ्यात गावी आलो. गाव दापोलीपासून अठरा किलोमीटर, दाभोळ रस्त्यावरून आत. पिन दाभोळचा, 415706. तेव्हापासून काय काय मागवलं ते वहीत लिहून ठेवलंय. एकूण तेवीस पार्सलं. घरापर्यंत आली आठ. दापोलीच्या शाखेत जाऊन आणली बारा. तीन परत गेली. ऑर्डर करताना तेवीसही वेळा अ‍ॅपने हिरव्या अक्षरांत सांगितलं होतं की या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध आहे.

त्या हिरव्या अक्षरांचा अर्थ कळायला मला चार महिने लागले. पिनकोड ही मुळात पोस्टाची व्यवस्था, 15 ऑगस्ट 1972 पासूनची. सहा आकडे एका डिलिव्हरी करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे असतात, गावाचे नसतात. त्या पोस्टाखाली बाजारपेठही येते आणि डोंगरातल्या वाड्याही येतात. पहिले तीन आकडे तर अजून ढोबळ आहेत. साताऱ्याचा पिन 415001 आणि दापोलीचा 415712, मध्ये सगळा सह्याद्री, तरी 415 एकच. पोस्टाला हे चालतं, कारण दाभोळच्या खाली आमच्या गावात शाखा डाकघर आहे आणि तिथला डाकसेवक रोज थैली घेऊन येतो. कुरिअर कंपनीने पोस्टाचे आकडे घेतले, डाकसेवक कुठून आणणार? तिच्या यादीत 415706 समोर 'हो' लिहिलंय. ते 'हो' मुख्य रस्त्यावरच्या दुकानाला लागू आहे. त्याच पिनवर आमच्या वाडीलाही तेच 'हो' दिसतं.

आता कार्बोरेटरची गोष्ट. ऑगस्टमध्ये ह्यांचा ग्रासकटर बंद पडला. कोकणात ऑगस्टमध्ये ग्रासकटर बंद म्हणजे पंधरा दिवसांत विहिरीची वाट दिसेनाशी होते. मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटर गेलाय, दापोलीत मिळणार नाही. मी ऑनलाइन मागवला, सहाशे चाळीस रुपये. गुरुवारी सकाळी तो दापोलीच्या शाखेत पोचला. सव्वाअकराला Out for Delivery. संध्याकाळी मी घरी नसल्याची ओळ. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी मी चिडून बाराच्या एसटीने दापोलीला गेले. शाखेतला मुलगा म्हणाला, "काकू, पार्सल रूटवर गेलंय, मुलाच्या बॅगेत आहे. संध्याकाळी सात वाजता येईल परत." आमची शेवटची गाडी साडेपाचला. हात हलवत आले. त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा मी घरी नव्हते. रविवारी शाखा बंद. सोमवारी सकाळी मेसेज: RTO Initiated. म्हणजे माल परत निघाला.

मी मंगळवारी पुन्हा गेले. पार्सल तिथेच होतं. मी डोळ्यांनी पाहिलं, परतीच्या पोत्यात, वर माझं नाव. मुलगा म्हणाला, "सिस्टिममध्ये परत मारलंय काकू, आता मला देता येत नाही." चार हातांवर कार्बोरेटर आणि मी मोकळ्या पिशवीनिशी स्टँडवर. पैसे आठ दिवसांनी परत आले ते खरं. पण तीन पार्सलं अशीच परत गेल्यावर त्या अ‍ॅपने माझं कॅश ऑन डिलिव्हरी बंद केलं. म्हणजे मीच माल नाकारणारी बाई ठरले.

शेवटी दुसऱ्या विक्रेत्याकडून चाळीस रुपये जास्त देऊन स्पीड पोस्टाने मागवला. सहाव्या दिवशी डाकसेवक छत्री सांभाळत अंगणात उभा. रस्त्यालाच आवाज दिला होता त्याने. तेव्हापासून माझं ठरलं की ही कुरिअरवाली पोरं खोटारडी आणि आळशी.

इथपर्यंत मी ऑक्टोबरमध्ये लिहिलं असतं तर एक चांदणी देऊन मोकळी झाले असते. पण ऑक्टोबरमध्येच एका दुपारी परतीच्या पावसात अडकून त्या शाखेतल्या बाकड्यावर दोन तास बसावं लागलं, आणि थोडं वेगळं दिसलं.

शाखा म्हणजे एक गाळा. सकाळी नऊच्या सुमारास मोठी गाडी पोती टाकून जाते. साडेदहापर्यंत निवडणं चालतं. मग प्रत्येक मुलाची रनशीट निघते. कुठलं पार्सल कोणाच्या नावावर, ते त्यात स्कॅन होतं आणि मोबाइलवर Out for Delivery उमटतं. एकदा रनशीटवर चढलं की पार्सल त्या मुलाच्या हिशोबात. रात्री त्याने ते पोचलं तरी दाखवायचं, नाहीतर कारण टाकायचं. कारण टाकल्याशिवाय अ‍ॅप दिवस बंद करू देत नाही. आमच्या रूटच्या मुलाच्या शेजारीच मी बसले होते, म्हणून म्हटलं, बघू तरी काय कारणं आहेत. ग्राहक घरी नाही, ग्राहकाने नाकारलं, पत्ता अपुरा, दार बंद, ग्राहकाने पुढची तारीख मागितली. बास. "आज तिकडे गेलोच नाही" असं कारण त्या यादीत नाही.

आणि तो का जात नाही? त्याला पोचलेल्या पार्सलामागे पैसे मिळतात. पेट्रोल त्याचं. आमच्या बाजूला त्या दिवशी दोनच पार्सलं होती, जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. तो म्हणाला, "मंगळवार-शुक्रवार जातो काकू, सहा-सात साचली की. पण वरून सांगतात की आलेलं पार्सल त्याच दिवशी रनशीटवर चढलं पाहिजे." म्हणजे गुरुवारी आलेलं पार्सल तो शुक्रवारी आणू शकतो, पण गुरुवारचा एक प्रयत्न आधीच खोटा नोंदलेला असतो. शुक्रवारी गाडी पंक्चर झाली की दुसरा. शनिवारी तिसरा, की झालं परत. माझ्या कार्बोरेटरचं नेमकं हेच झालं होतं. राग त्याच्यावरून उठला आणि ज्याने ती कारणांची यादी केली त्याच्यावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पार्सल दापोलीत पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं की सकाळी साडेनऊच्या आत शाखेत फोन करते. एडब्ल्यूबी नंबर सांगते, ट्रॅकिंगचा तोच लांबलचक नंबर, ऑर्डर नंबर नव्हे. ऑर्डर नंबर त्यांच्या काही कामाचा नसतो. आणि सांगते की रनशीटवर चढवू नको, मी येते. चढायच्या आधी सांगितलं तर पार्सल कपाटात राहतं आणि प्रयत्नही मोजला जात नाही. अकरानंतर फोन केला तर उपयोग शून्य. चढलंच असेल तर पुढची तारीख मागितल्याचं कारण टाकायला लावते. त्याला माझ्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो फोनवर सांगावा लागतो. पण हा ओटीपी तारखेचा आहे की माल मिळाल्याचा, ते मेसेज पूर्ण वाचून बघा. शेजारच्या वहिनींनी एकदा न वाचताच सांगितला आणि पार्सल हातात यायच्या आधीच Delivered झालं. शाखेतला मुलगा ओळखीचा, म्हणून मिळालं.

आणायला जाताना मोबाइल आणि आधार लागतं. दुसऱ्याला पाठवायचं तर ओटीपी फोनवर सांगायची तयारी ठेवायची आणि आपल्या आधारचा फोटो त्याच्याकडे द्यायचा. नाहीतर तिथे उभा राहून तो आपल्याला फोन लावतो आणि नेमकी तेव्हाच आपल्या वाडीत रेंज नसते.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून माझं जाणं-येणं चाळीसच्या आत होतं. ह्यांना अजून पासष्ट पूर्ण व्हायचीत, म्हणून पार्सल आणायला कायम मीच जाते. रिक्षा स्पेशल केली तर चारशेच्या खाली कोणी बोलत नाही, म्हणजे दोनशेच्या गाळणीसाठी ते करणं मूर्खपणा. त्यामुळे बँक, औषधं, बाजार आणि पार्सल एकाच दिवशी. दीडशे-दोनशेच्या वस्तू मी आता मागवतच नाही.

मध्ये एक हुशारीही करून बघितली. पत्ता गावाचा ठेवला आणि पिन दापोलीचा 415712 टाकला, म्हटलं जवळची शाखा आहेच, लवकर येईल. पार्सल रनशीटवर बाजारपेठेतल्या मुलाच्या नावावर चढलं. तो म्हणाला गाव माझ्या रूटवर नाही, आणि 'पत्ता अपुरा' मारून मोकळा झाला. पार्सल कोणाकडे जाणार ते मशीन फक्त पिनवरून ठरवतं, गावाचं नाव वाचणारा माणूस शेवटी भेटतो. पिन बदलायचा तर पत्ताही तिथलाच द्यायला हवा. आता मोठ्या वस्तूंसाठी दापोलीतल्या आमच्या किराणावाल्याचा पत्ता देते, त्याच्या दुकानाचं नाव, माझं नाव आणि दोघांचे नंबर. तो पार्सल घेऊन ठेवतो. बदल्यात महिन्याचा किराणा त्याच्याकडूनच.

मग परवाची ओळ का आली? नेहमीचा मुलगा लग्नाला गेलाय, बदलीवर नवीन पोरगा आहे आणि मीही सकाळी फोन करायला विसरले. पार्सल मिक्सरच्या जारचं आहे. काल नऊ वाजताच फोन केला. नवीन पोरगा म्हणाला, "नाव सांगा, शोधतो." म्हटलं नाव नको, नंबर लिहून घे. त्याने लिहून घेतला, आकडे परत वाचूनही दाखवले. एक प्रयत्न वाया गेलाय, दोन शिल्लक आहेत. उद्या शनिवारी साडेआठच्या गाडीने जातेय. तोवर वाटण पाट्यावर.