टाइलवरचे तपकिरी ठिपके आणि ऑक्झॅलिकची पूड: आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये पाऊस लागला आणि आमच्या मागच्या दारातल्या पांढऱ्या टाइलवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "बुरशी धरली बघ." कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते पटण्यासारखंच होतं. मी ब्लीच ओतलं, पंधरा मिनिटं ठेवलं, घासलं. टाइलच्या सांध्यांतली काळी बुरशी पांढरी पडली, ठिपके मात्र आणखी गडद नारिंगी झाले.

तिथेच मला कळायला हवं होतं. ब्लीचने बुरशीचा रंग काही मिनिटांत उडतो. लोखंड ब्लीचने उलट जास्त गंजतं.

नीट बघितल्यावर फरक दिसला. बुरशी काळी, करडी किंवा हिरवट असते, ओल टिकते तिथे म्हणजे सांध्यांत आणि कोपऱ्यांत पसरते आणि तिची कड अस्पष्ट असते. हे ठिपके टाइलच्या मधोमध विखुरलेले होते. प्रत्येकाच्या मध्यभागी गडद बारीक कण आणि भोवती फिकट नारिंगी वलय. आमचे हे शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात, आणि मागच्या दारातच बूट काढतात. तळव्याला चिकटून आलेला लोखंडाचा किस ओल्या फरशीवर पडून रात्रीत गंजत होता. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नव्या ठिपक्यांवर फिरवलं, तर कण चिकटून वर आले. जुने ठिपके मात्र चिकटत नाहीत, कारण तिथे लोखंड उरलेलं नसतं, नुसता गंज असतो. त्यामुळे चुंबकाला काही लागलं नाही म्हणून गंज नाही, असं धरू नका.

फरशी पॉलिश करणारे वापरतात ती ऑक्झॅलिक अॅसिडची पूड रंगाच्या दुकानातून आणली. पेलाभर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे, साधारण 10 ग्रॅम. हातमोजे घालून, जुन्या फडक्याने ठिपक्यांवर ठेवलं. दहा मिनिटांत नारिंगी वलय विरघळलं आणि भरपूर पाण्याने धुतल्यावर टाइल स्वच्छ झाली. ही पूड विषारी आहे, म्हणून डबा स्वयंपाकघरात ठेवत नाही. आणि ब्लीच वापरलं त्या दिवशी त्याच जागी कुठलंही अॅसिड लावत नाही, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

इतकं जमल्यावर मी न्हाणीघराकडे वळले, तिथे मात्र फसले. बोअरच्या नळाखाली पिवळसर थर होता. पिवळा म्हणजे गंज असं धरून थेट ऑक्झॅलिक लावलं, तर थर गेला नाहीच, वर पांढुरकी धूळ बसली. तो थर मुळात क्षारांचा होता. बोअरच्या पाण्यात थोडं लोह असलं की पांढऱ्या क्षाराला पिवळी झाक येते. त्यातल्या कॅल्शियमशी ऑक्झॅलिक मिळालं की न विरघळणारा पांढरा पदार्थ तयार होतो. तेव्हा आता आधी नख फिरवून बघते. खरखरीत, जाड लागलं तर क्षार. पाण्याने ओला केला की क्षाराचा पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत येतो, गंज मात्र ओला असताना जास्त गडद दिसतो. मग लिंबूसत्त्वाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की क्षार, ते थांबेपर्यंत वाट बघायची आणि धुवायचं. त्यानंतर पिवळेपणा उरला, तर त्यावर ऑक्झॅलिक. या क्रमाने नळाखालची टाइल दोन वेळांत साफ झाली.

बादलीच्या कडेला येणारा गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थरही गंज वाटतो. तो जिवाणूंचा असतो. बोटाने पुसला की निघतो, गंज असा निघत नाही.

एक तक्रार आहे, आणि ती माझ्या हातून झालेल्या चुकीची. गॅस सिलिंडरच्या बुडाचं नारिंगी कडं आमच्या शहाबादी फरशीवर उठलं होतं, तिथेही तीच पूड लावली. कडं गेलं, पण तळहाताएवढा भाग निस्तेज पांढरट झाला. शहाबादी म्हणजे चुनखडक, कडप्पा आणि कोटाही तसेच. अॅसिड डागाबरोबर दगडही खातं. तिथे बुडबुडे दगडाचेच येतात, त्यामुळे लिंबूसत्त्वाची परीक्षाही काही सांगत नाही. अशा फरशीवर रंग, नख आणि पाणी एवढ्यावरच ठरवा, आणि अॅसिड लांब ठेवा. सिलिंडरखाली आता रबरी चकती आहे.

अर्धा किलोच्या डब्यातली तिसरा हिस्सा पूड आठ महिन्यांत संपली, त्यातली बरीचशी पहिल्या दोन महिन्यांतच. आता आमचे हे बाहेरच्या पायरीवर गोणपाटावर बूट झटकून मग आत येतात. जानेवारीत मागच्या दारात दोनच ठिपके दिसले, दोन्ही चुंबकाला चिकटले.