देवघेव रजिस्टर शीटमध्ये उतरवण्याचे सात महिने

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं. सभासद तीनशेच्या आत, पगारी माणूस एक, आणि मी मानद चिटणीस. पुस्तकांची देवघेव अजूनही लांबट रजिस्टरवरच होते: तारीख, दाखल क्रमांक, सभासदाचं नाव, सही आणि शेवटी परत आल्याची तारीख. कुणाकडे काय अडकलंय हे काढायचं तर पानं उलटत बसायची. म्हणून सात महिन्यांपूर्वी गूगल शीट्समध्ये एक साधी मांडणी केली. ती कशी चालली आणि कुठे फसली, ते लिहितो.

पद्धत अशी. एक जण रजिस्टर वाचतो, दुसरा प्रत्येक नोंद एकाच रकान्यात एका ओळीत टाईप करतो. पुस्तकाचं नाव टाईप करत नाही, फक्त दाखल क्रमांक. नाव दाखल नोंदवहीच्या यादीतून शीट स्वतः आणते. सभासदाचाही क्रमांकच. रजिस्टरात 'काकू' किंवा 'गुरुजी' एवढंच लिहिलेलं असतं, पण ग्रंथपालांना त्या कोणत्या काकू हे माहीत असतं, त्यामुळे वाचताना ते क्रमांक सांगतात. ओळ अशी दिसते: `4127 स218 12/6 24/6`. परत आलं नसेल तर शेवटचा भाग नाही. नुसती सही किंवा बरोबरची खूण असेल, तारीख नसेल, तर तिथे 'जमा'. पुढे हे सूत्र ओळीचे चार तुकडे चार रकान्यांत टाकतं:

```
=REGEXEXTRACT(B2,"^(\d+)\s+(स\d+)\s+(\d+/\d+)\s*(.*)$")
```

पहिल्याच दिवशी अर्ध्या ओळी `#N/A`. कारण शोधायला तासभर गेला. टाईप करणाऱ्याच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता आणि तो आकडे ४१२७ असे देवनागरीत टाकत होता. इथला `\d` फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. म्हणून मूळ ओळ A रकान्यात ठेवली आणि B मध्ये एकात एक दहा `SUBSTITUTE` घालून ० ते ९ चे इंग्रजी आकडे करून घेतले. हे काम एकदाच करावं लागलं.

आकड्यांची दुसरी गंमत मात्र सूत्रात नव्हती, रजिस्टरातच होती. आमच्याकडे आकडे मिश्र लिहितात, दाखल क्रमांक इंग्रजीत आणि तारीख मराठीत, कधी एकाच संख्येत दोन्ही. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. जूनमधली एक नोंद 4927 अशी वाचली गेली. शीटने पुस्तकाचं नाव आणलं तर तो संदर्भ विभागातला कोशाचा खंड निघाला, जो कधीच घरी दिला जात नाही. नाव समोर आलं म्हणूनच चूक कळली. खरा क्रमांक 4127 होता, एक साधी कादंबरी. नुसता आकडा पाहून ही चूक कुणालाच सापडली नसती. तेव्हापासून पान संपलं की ग्रंथपाल नावांचा रकाना वरून खाली वाचतात. एखाद्या आजोबांच्या नावापुढे बालविभागाचं पुस्तक दिसलं की रजिस्टर पुन्हा उघडायचं. (नातवासाठी नेलेलं असतं बऱ्याचदा, पण विचारायला काय जातं.) नाव आणताना एक लक्षात ठेवा: वरच्या सूत्रातून निघालेला 4127 हा मजकूर असतो, संख्या नाही. यादीत संख्या असतील तर `VALUE` लावल्याशिवाय नाव सापडत नाही.

तारखांनी सगळ्यात जास्त छळलं. सुरुवातीला तारीख शीटलाच ओळखू दिली. फाइलची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची होती, हे कुणी पाहिलंच नव्हतं. 12/6 ची तिने 6 डिसेंबर केली. 24/6 मध्ये चोविसावा महिना नसल्याने तिथे चूक दाखवली. म्हणजे जी चूक दिसली ती निरुपद्रवी, आणि जी गुपचूप घडली तीच घातक. तपासण्याची खूण सोपी आहे: 12 पर्यंतचे दिवस बिनबोभाट जातायत आणि 13 पासून पुढचे सगळे अडतायत, तर दिवस-महिन्याची अदलाबदल झालेली आहे. आता दिवस आणि महिना वेगळे काढून `DATE` ने जोडतो. वर्ष रजिस्टरच्या पानावर सगळ्यात वर एकदाच असतं, ते शीटमध्येही वेगळ्या रकान्यात ठेवलंय. परतीचा महिना देण्याच्या महिन्यापेक्षा लहान असेल, तर परतीचं वर्ष एकाने वाढवतो.

मग मुदत. आमची पंधरा दिवसांची. G मध्ये दिल्याची तारीख, H मध्ये परतीची, F मध्ये ओळीचा शेवटचा तुकडा:

```
=IF(F2="जमा","तारीख नाही",
 IF(H2<>"",IF(H2-G2>15,"उशिरा जमा","वेळेत"),
 IF(COUNTIFS(C:C,C2,G:G,">"&G2)>0,"नोंद राहिली",
 IF($L$1-G2>15,"थकीत","बाहेर"))))
```

यातली तिसरी ओळ आधी नव्हती. त्याचा प्रसाद मिळाला. पहिल्या थकीत यादीवरून मी एका निवृत्त बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते पुस्तक मी कधीच परत केलंय. आता माझ्या शेजारणीकडे आहे!" रजिस्टर पाहिलं तर खरंच तीन आठवड्यांनी तोच दाखल क्रमांक शेजारणीच्या नावावर चढला होता. परतीची नोंद करायची राहून गेली होती, एवढंच. प्रत एकच असते, त्यामुळे तोच क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला असेल तर आधीच्याने परत केलेलं असणारच. ही तपासणी घातल्यावर त्या यादीतली जवळपास तिसरा हिस्सा नावं गळली. हे फोन करण्याआधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

`L1` मध्ये आजची तारीख नाही, मुद्दाम. तिथे टाईप झालेल्या शेवटच्या पानाची तारीख असते. आमचं टाईपिंग कधी दहा दिवस मागे राहतं. `TODAY()` ठेवलं की न टाईप झालेल्या दिवसांत परत आलेली पुस्तकंही थकीत दिसतात.

खरी कटकट वेगळीच आहे, आणि ती सात महिन्यांत सुटलेली नाही. परतीची तारीख रजिस्टरात नव्या पानावर येत नाही, ती जुन्याच ओळीसमोर लिहिली जाते. म्हणजे एकदा उतरवलेलं पान पुन्हा बदलत राहतं. दर शनिवारी 'बाहेर' आणि 'थकीत' एवढ्याच ओळी रजिस्टरच्या पान क्रमांकानुसार लावून छापतो आणि ग्रंथपाल तो कागद घेऊन मागची पानं चाळतात. अर्धा-पाऊण तास लागतो. एक शनिवार चुकला की पुढच्या यादीवर भरवसा राहत नाही. त्यानंतरही उरलेली थकीत पुस्तकं आधी कपाटात शोधायची, फोन त्यानंतर. दोन-तीन तरी तिथेच सापडतात, नोंद न करता ठेवलेली.

दिवाळी अंकांसाठी मात्र ही मांडणी निरुपयोगी ठरली. त्यांची मुदत सात दिवसांची आणि क्रमांक 'दि' अक्षराने सुरू होतात, त्यामुळे सूत्र ती ओळ घेतच नाही. सूत्र बदलता येईल. पण नोव्हेंबरात एकेक अंक तीन-तीन हातांतून फिरतो आणि त्या गर्दीत टाईप करायला कुणीच मोकळं नसतं. अंकांची वही वेगळी आहे, ती तशीच वहीत चालू आहे.