सेटलमेंटची जुळवणी: एकरकमी की ऑर्डरनिहाय?

ऑनलाइन विक्रीचे पैसे पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वीकारून दुकानाला पोचवणाऱ्या सेवेकडून, एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी, शुल्क आणि परतावे वजा होऊन, एकाच रकमेत बँकेत जमा होतात; यालाच सेटलमेंट म्हणतात. या रकमेची जुळवणी दोन प्रकारे करता येते. एका पद्धतीत सेटलमेंट अहवालाची निव्वळ बेरीज यूटीआर या बँक-व्यवहाराच्या ओळख क्रमांकावरून बँकेतील जमेशी ताडून पाहतात; दुसरीत अहवालातील प्रत्येक ओळ तिच्या ऑर्डरला जोडतात.

समजा, एका सेटलमेंटमध्ये १,०००, २,५००, १,५०० आणि पुन्हा १,५०० असे चार व्यवहार, म्हणजे ६,५०० रुपये आहेत. दोन टक्के दराने शुल्क १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी २३.४० रुपये आणि एका जुन्या ऑर्डरचा परतावा ८०० रुपये वजा केल्यावर ५,५४६.६० रुपये उरतात. बँकेतही नेमके तेवढेच जमा झाले आहेत. एकरकमी पद्धतीने काम दहा मिनिटांत संपते आणि ६,५०० रुपयांची विक्री नोंदली जाते.

ऑर्डरवहीत मात्र तीनच ऑर्डर आहेत, ५,००० रुपयांच्या. पहिला प्रयत्न फसला असे वाटून ग्राहकाने पुन्हा पैसे भरले, आणि पहिला व्यवहार नंतर यशस्वी ठरला. हे १,५०० रुपये विक्री नसून ग्राहकाला परत करायचे देणे आहे. एकरकमी पद्धतीला हे दिसूच शकत नाही, कारण तिच्यात गेटवेचा अहवाल गेटवेनेच पाठवलेल्या पैशांशी ताडला जातो. दुकानाची वही त्यात कुठेच येत नाही.

ऑर्डरनिहाय पद्धतीचा खरा त्रास परताव्यांत आहे. परताव्याची ओळ मूळ व्यवहाराचा पेमेंट आयडी घेऊन येते, आणि तो महिनाभरापूर्वीचा असू शकतो. त्यामुळे केवळ चालू महिन्याच्या यादीत शोधल्यास ती ओळ अनाथ दिसते. शोध नेहमी सर्व ऑर्डरींत घ्यावा, आणि तोही पेमेंट आयडीवरून. ४९९ रुपयांच्या दहा ऑर्डर असल्या की रकमेवरून लावलेली जोडी निव्वळ अंदाज ठरते. शिवाय परतावा दिल्यावर मूळ व्यवहाराचे शुल्क सहसा परत मिळत नाही. म्हणजे वरील दरानेच त्या ८०० रुपयांच्या ऑर्डरवर १६ रुपये शुल्क कायमचे गेले, आणि त्या शुल्कावरचा २.८८ रुपयांचा जीएसटी गेटवेच्या बिलावरून क्रेडिट घेता आले तरच सुटतो.

कोणतीही पद्धत घेतली तरी बँकेतील निव्वळ जमा हीच विक्री म्हणून नोंदवू नये. विक्री पूर्ण रकमेने ‘गेटवेकडून येणे’ या खात्यात नावे टाकावी आणि शुल्क, जीएसटी, परतावा व बँकजमा त्याच खात्यात जमा बाजूला घ्यावी. महिनाअखेर तिथे उरलेली शिल्लक सेटल न झालेल्या व्यवहारांच्या यादीएवढीच यायला हवी.

माझ्या मते रोज एकरकमी ताळा घ्यावा आणि आठवड्यातून एकदा ऑर्डरनिहाय जुळवणी करून केवळ न जुळलेल्या ओळी हाताने तपासाव्यात. परतावे जर थेट गेटवेच्या डॅशबोर्डवरून दिले जात असतील, तर आठवडाही थांबू नये, कारण असा परतावा ऑर्डरवहीत उमटतच नाही.